प्रशिक्षणाचा माणशी खर्च कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षणाचे अंदाजपत्रक मागणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एवढेच विचारतो: माणशी किती पडेल? किती जण येणार हे ठरल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, आणि नेमके तेच शेवटपर्यंत ठरत नाही. हा गुंता सोडवायला या पानावर एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरले आहे. भांडारातल्या मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण आहे. सकाळी विषय समजावायचा, दुपारी गटांत सराव करायचा. आकड्यांना मुद्दाम कुठलेही चलन लावलेले नाही. आकडे तुमच्याकडचे घाला, पद्धत तीच राहील.

सगळा खर्च मिळवून संख्येने भागला की झाले ना?

भागाकार बरोबर आहे, पण तो त्या एका संख्येपुरताच खरा असतो. वीस जणांसाठी काढलेला माणशी खर्च पंधरा जण आल्यावर लागू पडत नाही. म्हणून भागण्याआधी खर्चाची तीन भागांत विभागणी करावी.

पहिला भाग स्थिर खर्चाचा. दहा जण येवोत की वीस, प्रशिक्षकाचे मानधन आणि हॉलचे भाडे तेवढेच राहते. दुसरा भाग बदलत्या खर्चाचा. प्रत्येक माणसामागे एक फोल्डर, दोन दिवसांचे जेवण आणि एक प्रमाणपत्र वाढते. तिसरा भाग बऱ्याच अंदाजपत्रकांत सापडतच नाही, तो म्हणजे पायरीचा खर्च. तो एका संख्येपर्यंत शून्य असतो आणि ती ओलांडली की एकदम पूर्ण अंगावर येतो. सहायक प्रशिक्षक, दुसरी खोली, जादा संगणकांचे भाडे ही त्याची नेहमीची रूपे.

उदाहरणातले आकडे मांडून दाखवाल का?

| स्थिर खर्च | रक्कम |
|---|---|
| मुख्य प्रशिक्षक, ३ दिवस, रोज ८,००० | २४,००० |
| प्रशिक्षकाचा प्रवास व मुक्काम | ६,००० |
| हॉलभाडे, २ दिवस | १०,००० |
| प्रोजेक्टर व ध्वनिव्यवस्था, २ दिवस | ३,००० |
| साहित्याचे लेखन व मांडणी | ४,००० |
| संयोजक कर्मचाऱ्यांचे ६ दिवस | ९,००० |
| प्रशिक्षक, संयोजक व मदतनीस अशा ४ जणांचे जेवणखाण | २,००० |
| एकूण | ५८,००० |

बदलता खर्च माणशी असा: छापील फोल्डर १८०, सरावाचा संच १२०, दोन दिवसांचे जेवण व चहापान ५००, प्रमाणपत्र ५०. एकूण ८५०.

पायरी विसाव्या माणसानंतर येते. सरावात एका प्रशिक्षकाला विसाहून जास्त जणांकडे नीट लक्ष देता येत नाही असे येथे धरले आहे. पुढे सहायक लागतो. त्याचे मानधन ८,००० आणि जेवणखाण ५००, म्हणजे ८,५००.

आता भागून पाहू. बारा जण असतील तर माणशी सुमारे ५,६८३ पडतात. वीस जणांना ३,७५०, तीस जणांना सुमारे ३,०६७. कार्यक्रम तोच, प्रशिक्षकही तोच, तरी माणशी खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. यात कुठेही काटकसर केलेली नाही. फक्त स्थिर खर्च जास्त जणांत वाटला गेला.

एक माणूस वाढला आणि माणशी खर्चही वाढला, असे कसे होते?

पायरीमुळे. वीस जणांना ३,७५० पडत होते. एकविसावा आला की सहायक घ्यावा लागतो, स्थिर भाग ६६,५०० होतो आणि माणशी खर्च सुमारे ४,०१७ वर जातो. बावीस जणांना सुमारे ३,८७३ पडतात. तेवीसाव्या माणसाला तो ३,७४१ होतो आणि तेव्हा कुठे वीस जणांच्या पातळीखाली येतो.

म्हणजे २१ आणि २२ या दोन संख्या या कार्यक्रमासाठी महागाच्या आहेत. हे आधी कळले तर नोंदणी विसावर थांबवता येते, नाहीतर निदान तेवीस होईपर्यंत जोर लावता येतो. मधेच अडकले की काही आयोजक सहायक न घेता बावीस जण एका प्रशिक्षकाच्या गळ्यात मारतात. मग दुपारच्या सरावात मागच्या टेबलावरचे लोक नुसते वाट बघत बसतात. हिशेबात जी बचत दिसते, तिची किंमत त्या मागच्या टेबलाने मोजलेली असते. अशी बचत मला मान्य नाही.

प्रशिक्षकाचे मानधन किती दिवसांचे धरायचे?

शिकवण्याचे दिवस तर धराच, पण तयारीचे, उत्तरपत्रिका किंवा सरावाची कामे तपासण्याचे आणि प्रवासात पूर्ण जाणारे दिवसही विचारून घ्या. उदाहरणात दोन दिवस शिकवण्याचे आणि एक दिवस तयारीचा, म्हणून तीन दिवस धरले आहेत. काही प्रशिक्षक तयारीचे वेगळे घेत नाहीत, कारण ती त्यांच्या रोजच्या दरात आधीच आलेली असते. चालेल, पण तसे लेखी असावे. विषय तुमच्या कामानुसार बदलून हवा असेल तर तयारी वाढणार, हे गृहीत धरा.

अर्ध्या दिवसाच्या सत्रालाही प्रशिक्षकाचा उरलेला दिवस दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाही. त्यामुळे अर्ध्या दिवसाला निम्मे मानधन असा हिशेब बहुधा जमत नाही. मानधनावर कर कापून द्यायचा असेल तर ठरलेली रक्कम कापण्यापूर्वीची की हातात पडणारी, हे पहिल्याच बोलण्यात स्पष्ट करा. नंतर फरक निघाला तर तो तुमच्याच खर्चात येतो.

हॉल भाड्याने घ्यावा की जेवणासकट माणशी पॅकेज घ्यावे?

दर कमी दिसतो म्हणून निवडू नका. कोणत्या संख्येला दोन्ही सारखे पडतात ते आधी काढा.

उदाहरणात हॉल आणि उपकरणे मिळून १३,००० आणि जेवण माणशी ५००. समजा दुसऱ्या ठिकाणी हॉल, उपकरणे, जेवण सगळे धरून दोन दिवसांचे माणशी १,००० मागतात आणि किमान वीस जणांचे पैसे द्यावेच लागतात. प्रशिक्षक व कर्मचाऱ्यांची जेवणे दोन्हीकडे सारखी पडतील असे समजू.

वीस जण आले तर भाड्याच्या हॉलला २३,००० लागतात, पॅकेजला २०,०००. पॅकेज स्वस्त पडले. सव्वीस जणांना दोन्हीकडे २६,००० होतात आणि त्यापुढे भाड्याचा हॉल स्वस्त पडतो. दुसऱ्या टोकाला चौदा जण आले तरी दोन्हीकडे २०,००० च होतात, कारण पॅकेजवाला वीस जणांपेक्षा कमी घेत नाही. तेव्हा पंधरा ते पंचवीस जणांची खात्री असेल तर पॅकेज घ्या. गर्दी होणार असेल किंवा प्रतिसाद अगदीच थोडा असेल तर हॉल भाड्याने घ्या.

क्षमतेबद्दलही विचारा. हॉलच्या माहितीपत्रकात बहुधा नुसत्या खुर्च्या ओळीत मांडल्यावर मावणारी माणसे लिहिलेली असतात. गटांसाठी टेबले लावली की जागा बरीच कमी होते. तुम्हाला हवी तशी मांडणी सांगून त्या मांडणीत किती बसतात ते विचारा. मांडामांडीसाठी आदल्या संध्याकाळी हॉल मिळेल का आणि वेळ वाढला तर तासाला किती, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

नोंदणी ३० ची झाली, आले २६, पूर्ण केले २४. कशाने भागायचे?

सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. उदाहरणात तीस जणांची नोंदणी झाली म्हणून फोल्डर आणि सरावाचे संच तीस बनवले: ९,०००. केटररला २८ जणांचा आकडा पक्का कळवला होता: १४,०००. प्रमाणपत्रे पूर्ण करणाऱ्या २४ जणांनाच दिली: १,२००. सहायकासह स्थिर भाग ६६,५००. एकूण प्रत्यक्ष खर्च ९०,७००.

तिसांनी भागले तर माणशी सुमारे ३,०२३ येतात. सव्विसांनी भागले तर ३,४८८, चोविसांनी भागले तर ३,७७९. खर्च एकच, उत्तरे तीन. कुठलेही उत्तर खोटे नाही, पण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. नोंदणीचा आकडा फक्त नियोजनाच्या कामाचा. आलेल्यांचा आकडा कार्यक्रम चालवायला किती लागले ते सांगतो. पूर्ण करणाऱ्यांचा आकडा मात्र एक प्रशिक्षित माणूस तयार करायला किती लागले ते सांगतो, आणि पैसे देणाऱ्याला खरे तर तेच हवे असते.

माझे मत विचाराल तर अहवालात पूर्ण करणाऱ्यांचा आकडा पुढे ठेवावा आणि बाकीचे दोन शेजारी लिहावेत. दोन कार्यक्रमांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे भाजक एकच आहे ना, हे आधी तपासा. एकाने नोंदणीने भागले आणि दुसऱ्याने उपस्थितीने, तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

जेवणाचा आकडा कसा धरावा?

जेवणारे सगळे मोजा. प्रशिक्षणार्थी, प्रशिक्षक, संयोजक, ध्वनिव्यवस्था बघणारा मदतनीस आणि उद्घाटनाला येणारे पाहुणे असले तर तेही. पाहुणे विसरले जातात आणि पहिल्याच दिवशी ताटे कमी पडतात.

केटररला पक्का आकडा केव्हापर्यंत द्यायचा, नंतर तो किती कमी किंवा जास्त करता येतो आणि कमी जण आले तर पैसे कोणत्या आकड्याचे लागतात, हे तीन प्रश्न दराच्या आधी विचारावेत. उदाहरणात २८ ठरवले होते आणि २६ आले, म्हणजे दोन जणांचे दोन दिवसांचे १,००० वाया गेले. तेही तीसऐवजी २८ कळवले म्हणून एवढ्यावर भागले. किती कमी कळवावे याला सगळीकडे लागू पडेल असा नियम नाही. तुमच्या मागच्या कार्यक्रमांचे हजेरीपट काढा आणि नोंदणीतून किती टक्के खरोखर आले ते पाहा. शुल्क आगाऊ भरलेले लोक सहसा येतात. मोफत कार्यक्रमात गळती जास्त असते. दुसऱ्या दिवसाचा आकडा वेगळा कळवता आला तर अधिक चांगले.

साहित्य तयार करण्याचा खर्च एकाच तुकडीवर टाकावा का?

पुढच्या तुकड्या नक्की झाल्या असतील तरच तो वाटावा. उदाहरणात साहित्याचे ४,००० आणि प्रशिक्षकाच्या तयारीच्या दिवसाचे ८,००० असे १२,००० एकदाच लागतात. चार तुकड्या ठरल्या तर प्रत्येकीवर ३,००० येतात, स्थिर खर्च ४९,००० होतो आणि वीस जणांच्या तुकडीला माणशी ३,७५० ऐवजी ३,३०० पडतात.

पण चारची आशा धरून दर कमी लावला आणि दोनच तुकड्या झाल्या, तर ६,००० भरून निघायचे राहतात. ‘पुढे आणखी तुकड्या होतीलच’ या तोंडी आश्वासनावर खर्च वाटू नये. कार्यादेश हातात असेल तेवढ्याच तुकड्या मोजाव्यात.

छपाईबद्दल एवढेच की नोंदणीपेक्षा दोनतीन संच जास्त ठेवावेत. ऐन वेळी एखादी प्रत बाहेरून छापून आणण्यापेक्षा ते सोयीचे पडते.

प्रमाणपत्र म्हणजे एक कागद. त्याचा वेगळा हिशेब कशाला?

कागद स्वस्तच असतो, खर्च त्याच्याभोवतीच्या गोष्टींचा होतो. प्रमाणपत्र बाहेरची एखादी संस्था देणार असेल तर ती प्रत्येक उमेदवाराची नोंदणी आणि मूल्यमापन यांचे शुल्क घेऊ शकते, आणि हे शुल्क उत्तीर्ण न होणाऱ्यांचेही लागते. अशा वेळी ही रक्कम परीक्षेला बसणाऱ्यांच्या संख्येने गुणायची, प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या नाही. फेरपरीक्षेचे शुल्क कोण भरणार, हेही ठरवून ठेवा.

आपणच प्रमाणपत्र देत असू तर पैसे जातात ते चुकीच्या नावांपायी. नोंदणीच्या यादीतली नावे कुणी फोनवर ऐकून लिहिलेली असतात, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरे. त्यावर साधा उपाय आहे. पहिल्या दिवशी सकाळी एक कागद फिरवा, प्रत्येकाने प्रमाणपत्रावर हवे तसे आपले नाव स्वतःच्या हाताने लिहून शेजारी सही करायची. दुपारी त्यावरून यादी टंकित करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवायची आणि मगच छापायला द्यायची. असे केले की आधीच छापून ठेवलेली आणि नंतर रद्द झालेली प्रमाणपत्रेही वाचतात, कारण तोवर कोण पूर्ण करणार हे जवळजवळ कळलेले असते. नंतर पोस्टाने पाठवायची झाली तर टपालखर्च आणि पाठवणाऱ्याचा वेळ माणशी खर्चात धरा.

शुल्क ठरवले आहे. किमान किती जण हवेत?

शुल्कातून बदलता खर्च वजा करा. जे उरते ते एक माणूस स्थिर खर्चात घालतो. शुल्क ४,००० असेल तर प्रत्येकाकडून ३,१५० उरतात. ५८,००० ला ३,१५० ने भागले की १८.४ येतात, म्हणजे एकोणीस जण हवेत. अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्ण संख्येवर न्यायचा.

पायरी मात्र पुन्हा तपासा. वीस जणांवर ५,००० शिल्लक राहतात. एकवीस झाले की सहायकामुळे ३५० चा तोटा होतो. बावीस जणांवर २,८०० उरतात आणि तेवीस जणांवर ५,९५०. तक्त्यासाठी ही दोन सूत्रे पुरेशी आहेत. पहिले A2 मधल्या संख्येला माणशी खर्च देते, दुसरे वीसपर्यंतच्या तुकडीत किमान किती जण हवेत ते सांगते:

```
=(58000+IF(A2>20,8500,0))/A2+850
=ROUNDUP(58000/(4000-850),0)
```

संख्या १० पासून ४० पर्यंत एकाखाली एक लिहून पहिले सूत्र खाली ओढा. पायरी कुठे आहे ते लगेच दिसेल.

दोनतीन जागा मोफत दिल्या तर काय फरक पडतो?

जागा रिकामीच राहणार असेल आणि पायरी ओलांडली जात नसेल तर एका मोफत जागेला ८५० लागतात. तेवढ्यात एखाद्या गरजू माणसाला शिकता येत असेल तर जागा जरूर द्यावी. पण वीस जण शुल्क भरून बसलेले असताना आणखी तीन मोफत घेतले तर त्यांचे २,५५० आणि सहायकाचे ८,५०० असे ११,०५० वाढतात. ५,००० ची शिल्लक जाऊन ६,०५० चा तोटा होतो. म्हणून मोफत जागा विसाच्या आतच ठेवा आणि त्या नोंदणी उघडतानाच बाजूला काढा.

हॉल आमचाच आहे, शिकवणारेही आमचेच. मग खर्च शून्य ना?

रोख खर्च शून्य असेल, किंमत शून्य नसते. दोन रकाने करा. एकात प्रत्यक्ष दिलेले पैसे, दुसऱ्यात पूर्ण किंमत. घरच्या प्रशिक्षकाचा रोजचा पगार, हॉल बाहेरच्यांना ज्या भाड्याने देता ते भाडे, हे दुसऱ्या रकान्यात येते. असे न केल्यास पुढच्या वर्षी हॉल मिळाला नाही की तोच कार्यक्रम एकदम महाग झाल्यासारखा वाटतो.

शिकणारे आपलेच कर्मचारी असतील तर त्यांच्या दोन दिवसांच्या पगाराची एक वेगळी ओळ ठेवा. बऱ्याचदा तीच सर्वांत मोठी निघते. ती आयोजनाच्या खर्चात मिसळू नका, कारण आयोजकाला ती कमी करता येत नाही.

अनपेक्षित खर्चासाठी किती टक्के ठेवावेत?

सरसकट टक्के ठेवण्यापेक्षा काय बिघडू शकते ते नावानिशी लिहावे. प्रशिक्षकाचे तिकीट बदलावे लागले, हॉल दोन तास जास्त लागला, चार ताटे वाढली. या तिघांची बेरीज म्हणजे तुमची राखीव रक्कम. ती वापरली नाही तर शिल्लक म्हणून दाखवता येते, वापरली तर कुठे ते सांगता येते.

ग्राहकाला माणशी एकच दर सांगावा का?

संख्या त्याच्या हातात असेल तर सांगू नये. वीस जण धरून ३,७५० चा दर दिला आणि त्याने बाराच जण पाठवले, तर तुमच्या हाती ४५,००० येतात आणि खर्च ६८,२०० होतो. त्यापेक्षा दर तीन भागांत सांगा: वीसपर्यंतच्या तुकडीला ५८,०००, माणशी ८५० वेगळे, आणि वीसच्या पुढे गेल्यास सहायकाचे ८,५००. सोबत १२, २०, २३ आणि ३० जणांना माणशी किती पडतात ते चार ओळींत लिहा. त्याला माणशी एकच दर हवा असेल तर किमान किती जणांचे पैसे द्यावे लागतील आणि अंतिम संख्या कोणत्या तारखेपर्यंत कळवायची, हे त्याच कागदावर दराच्या खालीच छापा.